खर्च-प्रतिपूर्तीतील संशयित अफरातफरीचे फॉरेन्सिक ऑडिट

खर्च-प्रतिपूर्तीतील संशयित अफरातफरीचे फॉरेन्सिक ऑडिट : कर्मचाऱ्याने कामासाठी केलेला खर्च म्हणून संस्थेकडून वसूल केलेली रक्कम प्रत्यक्षात खर्च झाली होती का आणि ती कामासाठीच झाली होती का, याची न्यायालयात टिकेल अशा पुराव्याच्या आधारे केलेली तपासणी. या अफरातफरीचे साधारणपणे चार प्रकार मानले जातात : खासगी खर्च कामाचा म्हणून दाखवणे, खऱ्या खर्चाची रक्कम फुगवणे, न झालेल्या खर्चाची पावती तयार करणे आणि एकाच खर्चाची भरपाई दोनदा घेणे. नेहमीच्या लेखापरीक्षणात नमुना तपासून हिशेबाविषयी मत दिले जाते. येथे मात्र विशिष्ट व्यक्तीच्या विशिष्ट दाव्यांचा प्रश्न असतो, त्यामुळे प्रत्येक दावा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

तपासाचा क्रम येथे फार महत्त्वाचा असतो. पुरावा आधी सुरक्षित करायचा, मग आकडेवारी तपासायची आणि संशयित व्यक्तीशी सर्वांत शेवटी बोलायचे. हा क्रम बहुधा एखाद्या वरिष्ठाच्या घाईमुळे मोडतो. तक्रार येताच तो कर्मचाऱ्याला बोलावून जाब विचारतो आणि त्यानंतर फाइली, संदेश व पावती-पुस्तके नाहीशी होण्यास पुरेसा अवधी मिळतो. म्हणून पहिले काम म्हणजे आपोआप पुसल्या जाणाऱ्या नोंदी थांबवणे. ईमेल, दावा-प्रणालीतील बदलांची नोंद आणि प्रवेशद्वारावरील कार्डांची नोंद बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनी पुसली जाते आणि ती मुदत तपास सुरू आहे म्हणून लांबत नाही.

संगणक केवळ ‘उघडून पाहण्या’नेही पुरावा बिघडतो, कारण तो सुरू होताच अनेक फाइलींच्या वेळा बदलतात. यासाठी लेखन रोखणारे उपकरण जोडून डिस्कची हुबेहूब प्रत घेतात, मूळ डिस्क व प्रत यांचे एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने निघणारे, आतील माहितीच्या ठशासारखे असणारे ६४ अक्षरांचे मूल्य जुळते का ते पाहतात आणि पुढचे सर्व काम आणखी एका प्रतीवर करतात. वस्तू कोणी, कधी, कोणाकडून ताब्यात घेतली आणि कोठे ठेवली याची अखंड नोंद ठेवावी लागते. कागदी पावत्यांबाबत एक साधी गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते : थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने, उजेडाने आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकच्या संपर्काने उडते. अशा पावतीची प्रतिमा लगेच घ्यावी, ती साध्या कागदी पाकिटात ठेवावी आणि मूळ पावतीवर खूण करू नये वा टाचणी मारू नये. कर्मचाऱ्याचा खासगी फोन मात्र त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्याच्या आधाराशिवाय तपासता येत नाही.

आकडेवारीच्या विश्लेषणातून कोठे पाहायचे ते कळते, पण दोष सिद्ध होत नाही. पहिल्या अंकाच्या वारंवारितेची बेनफर्ड कसोटी याचे चांगले उदाहरण आहे. सायमन न्यूकम यांनी १८८१ मध्ये आणि फ्रँक बेनफर्ड यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या या नियमानुसार अनेक नैसर्गिक संख्यासमूहांत सुमारे ३०.१ टक्के संख्यांचा पहिला अंक १ असतो. परंतु प्रवासखर्चाला वरची मर्यादा असते, दैनिक भत्ता ठरलेला असतो आणि एका व्यक्तीचे दावे थोडेच असतात. त्यामुळे प्रामाणिक कर्मचाऱ्याचे दावेही अनेकदा या नियमात बसत नाहीत. त्यापेक्षा तेच काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या दाव्यांशी केलेली तुलना अधिक उपयोगी पडते.

समजा, एका संस्थेत ५०० पर्यंतच्या दाव्याला विभागप्रमुखाची सही लागत नाही. फिरतीवरील एका कर्मचाऱ्याने १८ महिन्यांत ४१२ दावे केले आणि त्यांपैकी १४८ दावे, म्हणजे सुमारे ३६ टक्के, ४५० ते ५०० या पट्ट्यात आहेत. सहकाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६ ते ७ टक्के आहे. या पट्ट्यातील टॅक्सीच्या पावत्या क्रमांकांनुसार लावल्यावर २३१० ते २३५० अशा सलग ४१ पावत्या सापडतात आणि त्यांवरील तारखा सात महिन्यांवर पसरलेल्या आहेत. म्हणजे त्या चालकाने त्या पुस्तकातून सात महिन्यांत दुसऱ्या कोणत्याही प्रवाशाला पावती दिलेली नाही. कोऱ्या पावत्यांचे पुस्तक कर्मचाऱ्याच्याच हाती होते, असा दाट संशय येथून निर्माण होतो.

त्यानंतर या तारखा प्रवेशकार्डाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या जातात. टॅक्सीच्या वेळी कर्मचारी कार्यालयातच होता, अशा ११ तारखा प्रथम मिळतात. पण सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंद ठेवतो, हे लक्षात घेऊन वेळा स्थानिक वेळेत बदलल्यावर त्यांपैकी ३ गळतात आणि ८ उरतात. ही दुरुस्ती तपासणाऱ्याने स्वतः केली नसती, तर ती पुढे बचावपक्षाने केली असती आणि उरलेल्या ८ तारखांवरचा विश्वासही डळमळला असता.

मुलाखती बाहेरून आत येतात : आधी दावे नोंदवणारा लिपिक, मग मंजुरी देणारे अधिकारी, शेवटी ज्याच्यावर संशय आहे तो. दावा दुसऱ्या कोणी त्याच्या पासवर्डने भरला होता का आणि पैसे कोणत्या खात्यात गेले, हे लिपिकाकडूनच कळू शकते. मुख्य मुलाखतीला दोघे असावेत, एकाने विचारावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा असावा. धमकी, नोकरी वाचवण्याचे आमिष किंवा नसलेला पुरावा असल्याचा आव यांतून मिळालेली कबुली टिकत नाही आणि क्वचित ती खोटीही असते. सुरुवात ‘दौऱ्याचा खर्च तुम्ही कसा लिहून ठेवता, ते सांगाल का?’ अशा खुल्या प्रश्नाने करावी आणि सांगणाऱ्याला मध्ये तोडू नये. पावत्या घेण्याची नेहमीची पद्धत त्याच्याच शब्दांत नोंदली गेल्यानंतर एकेक कागद समोर ठेवावा. सगळा पुरावा आधीच दाखवला, तर त्याला बसेल असा खुलासा रचता येतो.

वरील उदाहरणात कर्मचारी सांगतो की निवासाचा मंजूर भत्ता अपुरा होता आणि ‘फरक टॅक्सीत धरा’ असे साहेबांनीच तोंडी सांगितले होते. असा खुलासा वारंवार ऐकू येतो, पण म्हणून तो फेटाळायचा नसतो. तो तपासायचा असतो. हॉटेलची बिले पाहिली असता ४१ पैकी १७ तारखांना तो खरोखर मुक्कामी होता. उरलेल्या २४ दिवशी कोणताही दौरा नव्हता आणि कार्डाच्या नोंदीतील ८ तारखा याच २४ मध्ये मोडतात. स्वतंत्र मुलाखतीत वरिष्ठ एका दौऱ्यापुरते तसे बोलल्याचे मान्य करतात.

अहवालात त्यामुळे दोन वेगळ्या रकमा येतात. २४ पावत्यांच्या ११,२८० रकमेबाबत प्रवास झालाच नव्हता असा निष्कर्ष लिहिला जातो. १७ पावत्यांच्या ७,९९० बाबत पावती खोटी, मात्र परवानगीचा दावा अंशतः पुष्ट, असे नमूद होते. पट्ट्यातील इतर १०७ दावे संशयास्पद म्हणून स्वतंत्रपणे दाखवले जातात, पण सिद्ध झालेल्या दाव्यांचे प्रमाण लावून त्यांची रक्कम नुकसानीत मिळवली जात नाही. ‘फसवणूक’ हा शब्दही अहवालात निष्कर्ष म्हणून येत नाही, कारण हेतू ठरवण्याचा अधिकार शिस्तभंग समितीचा किंवा न्यायालयाचा असतो.