केळफूल काळं का पडतं, आणि बोटंही

केळफूल चिरल्यावर काळं पडतं, म्हणजे त्यात भरपूर लोह असतं, असं आरोग्याच्या सल्ल्यांमध्ये हमखास वाचायला मिळतं. ते चूक आहे. काळेपणावरून लोहाचं प्रमाण मुळीच कळत नाही. सफरचंदाची फोड काळवंडते तीही लोहामुळे नव्हे.

खरी गोष्ट यापेक्षा कितीतरी सुंदर आहे. केळफुलाच्या पेशीत फिनॉल जातीची रंगहीन द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. सुरी फिरली की पेशी फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. मग हवेतला ऑक्सिजन वापरून हे विकर फिनॉलपासून क्विनोन तयार करतं. क्विनोन गप्प बसत नाहीत. ते एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी, मग काळे होत जातात, आणि जवळ प्रथिन सापडलं तर त्यालाही घट्ट धरतात. आपल्या कातडीचा वरचा थर केराटिन या प्रथिनाचाच असतो. म्हणजे चिकाचा डाग बोटांवर नुसता बसत नाही, तो कातडीशी रासायनिक बंधानं जोडला जातो. मेंदीचं रंगद्रव्यही एक क्विनोनच आहे आणि तेही केराटिनलाच धरून बसतं. म्हणूनच वाळलेला डाग साबणानं जात नाही. वरच्या मृत पेशी झडतील तसा तो काही दिवसांत फिकट होतो.

तेव्हा उपाय डाग पडण्याआधीच करायचा. सोलायला बसण्याआधी बोटांना, विशेषतः नखांच्या कडांना, खाण्याचं तेल चोळून घ्यावं. तेलाच्या थरामुळे चीक कातडीपर्यंत पोचत नाही. चिरताना तेल पुसलं जातं, म्हणून मध्येच पुन्हा लावावं. काम संपल्यावर आधी थोडं तेल चोळून चीक सैल करावा आणि मगच साबण लावावा. हे सगळं चीक ओला असतानाच. कपड्यावर पडलेला डाग मात्र बहुधा कायमचा, म्हणून जुने कपडे घालून बसावं.

आता साफसफाई. बाहेरची जांभळी पारी उचलली की तिच्याखाली फुलांचा दुहेरी झुपका दिसतो. एक फूल हातात घेऊन त्याची टोकाची बाजू उघडा. आत नाजूक पुंकेसर असतात आणि त्यांच्यामध्ये एक ताठ दांडा, ज्याचं टोक गाठीसारखं फुगलेलं आणि चिकट असतं. तो चिमटीत धरून बुडापासून ओढून काढा. मग फुलाच्या बुडाशी बाहेरून चिकटलेला पारदर्शक, छोटा पापुद्राही काढा. दांडा शिजवूनही मऊ होत नाही आणि पापुद्रा तोंडात चोथ्यासारखा राहतो. आत जाल तशी फुलं लहान होत जातात. पारी पांढरट, कोवळी लागली की थांबावं. तिथला दांडा मऊ असतो, तो गाभा सगळाच चिरून घेता येतो.

लोहाचा खरा संबंध इथे येतो, पण तो सुरीतल्या लोहाचा. साध्या लोखंडी पात्याशी फुलातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा संयोग होऊन निळसर काळा रंग तयार होतो. स्टेनलेस स्टीलची सुरी वापरावी.

चिरलेलं थेट लिटरभर पाणी, अर्धी वाटी आंबट ताक आणि चमचाभर मीठ यांच्या मिश्रणात पडायला हवं. आंबटपणानं विकर मंदावतं आणि पाण्याखाली ऑक्सिजन कमी पोचतो. पण केळफूल तरंगतं, आणि पाण्यावर डोकावणारे तुकडेच काळे पडलेले दिसतात. म्हणून वर ताटली दाबून ठेवावी. ताकाचं दुसरं काम मला जास्त आवडतं. आपण ज्याला कडू म्हणतो ते केळफुलात बरंचसं तुरट असतं: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटते. ताकातलं केसीन हेही प्रथिनच, ते बरंचसं टॅनिन आधीच पकडून ठेवतं. त्यासाठी रात्रभर भिजवलेलं बरं.

सकाळी निथळून केळफूल खळखळ उकळत्या पाण्यात टाकावं. गार पाण्यात घालून तापवलं तर पाणी कोमट असेपर्यंत विकर उलट जोरात काम करतं. उकळत्या पाण्यात ते लगेच निकामी होतं. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी तपकिरी झालेलं दिसेल. ते ओतून द्यावं, केळफूल घट्ट पिळावं आणि एक तुकडा चावून पाहावा. जीभ ओढली गेली तर नव्या पाण्यात आणखी पाच मिनिटं उकळावं, कारण फोडणीत घातल्यावर हा तुरटपणा बाहेर काढायला पाणीच उरत नाही. काही तुकडे एवढं करूनही तपकिरी राहतील. ते खायला चालतात. एकदा जोडले गेलेले क्विनोन पुन्हा रंगहीन होत नाहीत, एवढंच.