वरूडची संत्री हैदराबादला का पाठवायची?

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून उतरायला लागली की नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात ढीग लागतात आणि बोली सुरू होते. भाव टनावर ठरतो, गाडीचं भाडंही लोक मनात टनावरच मोजतात. अशा दिवसांत काटोल आणि वरूड या दोन्ही भागांतून माल घेणाऱ्या व्यापाऱ्यापुढे रोज एकच प्रश्न असतो: कुठला माल कुठल्या रस्त्याने कुठे पाठवायचा, म्हणजे एकूण भाडं कमीत कमी बसेल? गणितात या प्रश्नाला 'मिनिमम कॉस्ट फ्लो', म्हणजे किमान खर्चाचा प्रवाह म्हणतात. तो मांडायला सोपा आहे. त्याचं उत्तर मात्र अंदाजाने चुकतं, आणि कसं चुकतं तेच इथे सविस्तर पाहण्यासारखं आहे.

एक लहान उदाहरण घेऊ. गावं आणि रस्ते खरे आहेत, आकडे हिशेब हातात राहावा म्हणून मी ठरवले आहेत. काटोलला ५० टन माल तयार आहे, वरूडला ४० टन. दिल्लीला ५० टन हवा आहे, हैदराबादला ४० टन. मध्ये नागपूर. नागपूरला स्वतःची मागणी नाही, आलेला माल पुढे जायचा. दिल्लीचा माल दोन्ही गावांहून नागपुरात न शिरता मुलताईकडून थेट जाऊ शकतो. हैदराबादचा माल मात्र नागपूरलाच येऊन हिंगणघाट, आदिलाबादच्या रस्त्याला लागतो. हंगामात हव्या तितक्या गाड्या मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक मार्गाला एक मर्यादा आहे.

| मार्ग | भाडं (₹ प्रति टन) | जास्तीत जास्त टन |
|---|---|---|
| काटोल → नागपूर | ४०० | ५० |
| वरूड → नागपूर | ६०० | ४० |
| काटोल → दिल्ली | ४६०० | ३० |
| वरूड → दिल्ली | ४३०० | २५ |
| नागपूर → दिल्ली | ४५०० | ३० |
| नागपूर → हैदराबाद | २४०० | ४० |

प्रत्येक मार्गावर किती टन जाणार, हे सहा आकडे आपल्याला ठरवायचे आहेत. त्यांच्यावर अटी दोनच प्रकारच्या. पहिली, कुठल्याही मार्गावरचा आकडा शून्याच्या खाली किंवा मर्यादेच्या वर जाता कामा नये. दुसरी अट प्रत्येक ठिकाणची: बाहेर गेलेल्या मालातून आत आलेला माल वजा केला की त्या ठिकाणची शिल्लक यायला हवी. काटोलची शिल्लक ५०, वरूडची ४०, नागपूरची ०, दिल्लीची उणे ५० आणि हैदराबादची उणे ४०. या सगळ्या शिलकींची बेरीज शून्य यायला हवी. ती आली नाही, तर कुठेतरी माल पडून राहणार किंवा कमी पडणार, हे गणित सुरू करण्याआधीच कळतं. अटी पाळून एकूण भाडं सगळ्यात कमी करायचं. प्रश्नाची मांडणी एवढीच.

आता कुणीही शहाणा माणूस जसा विचार करेल तसा करू. हैदराबादला काटोलहून टनाला २८०० रुपये पडतात, वरूडहून ३०००. म्हणजे हैदराबादचे ४० टन काटोलचे. काटोलचे उरलेले १० टन थेट दिल्लीला. वरूडहून दिल्लीचा थेट रस्ता सगळ्यात स्वस्त, म्हणून तो २५ टनांनी पूर्ण भरायचा. वरूडचे १५ टन उरतात, ते नागपूरमार्गे दिल्लीला, टनाला ५१०० रुपयांनी. सगळं मिळून ३,४२,००० रुपये. प्रत्येक निर्णय त्या क्षणी बरोबर वाटतो. एकेक ओळ तपासली तर चूक सापडत नाही, कारण चूक एका ओळीत नाहीच, ती ओळींच्या जोडणीत आहे.

ती शोधण्याची युक्ती मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ठरलेली योजना समोर ठेवायची आणि तिच्यात काय बदलता येईल याचं एक दुसरं जाळं काढायचं. ज्या मार्गावर जागा शिल्लक आहे तिथे आणखी माल टाकता येतो, त्याचं भाडं टनामागे तेवढंच. ज्या मार्गावर माल आधीच ठरला आहे, तिथला माल काढून घेता येतो. म्हणजे त्या मार्गावरून उलट दिशेने गेल्यासारखं, आणि त्याचं भाडं उणे, कारण तेवढे पैसे वाचतात. खरी गाडी उलटी जात नाही, कागदावरचा ठराव रद्द होतो.

आता या दुसऱ्या जाळ्यात एक फेरी मारू. काटोलहून थेट दिल्लीला एक टन वाढवा, अधिक ४६००. दिल्लीत आता एक टन जास्त झाला, म्हणून नागपूर ते दिल्ली एक टन रद्द करा, उणे ४५००. नागपुरात एक टन जास्त झाला, म्हणून काटोल ते नागपूर एक टन रद्द करा, उणे ४००. आपण परत काटोलला आलो. कुणाची शिल्लक बिघडली नाही, कुणाला कमी मिळालं नाही, आणि बेरीज उणे ३००. टनामागे तीनशे रुपये नुसते पडून होते.

हा फेरा किती टन फिरवायचा? काटोल ते दिल्लीच्या मार्गावर २० टनांची जागा आहे, नागपूर ते दिल्ली १५ टन जातायत, काटोल ते नागपूर ४०. सगळ्यात लहान आकडा १५, म्हणून १५ टन. वाचले ४५०० रुपये, नवा खर्च ३,३७,५००. आता काटोलचे २५ टन थेट दिल्लीला जातात आणि २५ नागपूरला. वरूडचे १५ टन नागपुरात येतात आणि तिथून हैदराबादची गाडी धरतात. हैदराबादला वरूडचा माल महाग पडतो, तरी वरूडचाच पाठवणं फायद्याचं ठरतं. त्याला हैदराबादला वळवल्यामुळे काटोलचा तेवढाच माल थेट दिल्लीच्या गाडीत चढतो, आणि नागपूरचा महागडा वळसा सुटतो.

यापेक्षा स्वस्त योजना असेल का? इथे नशिबावर सोडण्यासारखं काही नाही. कुठल्याही दोन योजना घ्या, त्यांच्यातला फरक म्हणजे अशाच फेऱ्यांची बेरीज असते, कारण दोन्हींत प्रत्येक ठिकाणची शिल्लक तीच आहे. दुसरी योजना स्वस्त असेल, तर त्या फेऱ्यांपैकी निदान एक तरी उणे निघालाच पाहिजे. म्हणून उणे फेरा उरला नाही की काम संपलं. सोव्हिएत संशोधक ए. एन. टॉल्स्टॉय यांनी १९३० मध्ये रेल्वेच्या मालवाहतुकीवर लिहिताना हीच कल्पना वापरली होती आणि १० उगमस्थानं, ६८ मुक्कामांचा प्रश्न हाताने सोडवला होता. उणे फेरे एकेक करून काढत जाण्याची सर्वसाधारण पद्धत मॉर्टन क्लाइन यांनी १९६७ मध्ये मांडली. आज मोठ्या जाळ्यांसाठी हिच्याहून वेगवान पद्धती वापरतात, पण उत्तर पक्कं आहे का याची कसोटी तीच राहते.

फेरे शोधत न बसता ही कसोटी भावांनीही लावता येते, आणि व्यापाऱ्याला ती जास्त जवळची वाटेल. काटोलला संत्र्याचा भाव शून्य धरा. नागपूरला तो ४०० ठेवा, दिल्लीला ४६००, हैदराबादला २८००, आणि वरूडला उणे २००. आता प्रत्येक मार्ग तपासा. जिथे माल जातोय पण जागाही उरली आहे, तिथे भावातला फरक नेमका भाड्याइतका आहे. नागपूर ते दिल्ली भावातला फरक ४२०० आणि भाडं ४५००, म्हणून तिथून माल जात नाही. वरूड ते दिल्ली फरक ४८००, भाडं फक्त ४३००, म्हणून तो मार्ग तुडुंब भरला आहे. कुठेच विसंगती नाही, म्हणजे योजना सर्वोत्तम आहे.

वरूडच्या त्या मार्गावरचा ५०० रुपयांचा फरक मोलाचा आहे. थेट दिल्लीच्या गाडीत आणखी एक टनाची जागा मिळाली, तर एकूण खर्च बरोबर ५०० रुपयांनी कमी होतो. म्हणजे गाडीवाला नेहमीच्या ४३०० ऐवजी ४७०० मागत असेल, तरी गाडी घ्यावी. ४९०० मागत असेल, तर सोडून द्यावी. हे गणित पहिल्या १५ टनांपुरतंच खरं आहे. त्यानंतर नागपूरला पाठवायला वरूडचा मालच उरत नाही आणि भाव नव्याने काढावे लागतात.

आता गोष्टी कुठे बिघडतात ते. समजा कळमन्याच्या यार्डात दिवसाला ३५ टनच उतरवून पुन्हा चढवता येतात. मर्यादा मार्गाला घालता येते, ठिकाणाला नाही. म्हणून नागपूरचे कागदावर दोन भाग करतात, 'नागपूर आत' आणि 'नागपूर बाहेर', आणि मधल्या मार्गाला ३५ ची मर्यादा लावतात. तसं केलं की प्रश्नाला उत्तरच राहत नाही. हैदराबादला ४० टन हवेत आणि तिकडचा प्रत्येक टन त्या ३५ च्या दारातून जायचा आहे. मोठ्या जाळ्यात संगणक 'उत्तर नाही' एवढंच सांगून थांबतो, तेव्हा शोधायचं असतं ते असं दार, जिथून जाऊ शकणारा माल पलीकडच्या मागणीला पुरत नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे एक काल्पनिक पुरवठादार. कमी पडलेला माल कागदावर तो देतो आणि त्यासाठी टनाला दंड लावतो. तसाच एक काल्पनिक गिऱ्हाईक न गेलेला माल फुकट ठेवून घेतो. दंडाचा आकडा इथे फार जपून निवडावा लागतो. टनाला २००० रुपये दंड धरला, तर गणित हैदराबादला एकही संत्रं पाठवणार नाही, कारण पाठवायला निदान २८०० लागतात. एखाद्या शहराचा सगळा माल अचानक शून्यावर आलेला दिसला, तर आधी दंड तपासावा. तो सगळ्यात महाग वाटेपेक्षाही बराच वरचा हवा.

मर्यादा आणि शिलकी पूर्ण संख्येत असतील, तर सर्वोत्तम उत्तरही पूर्ण संख्येत मिळतं, ही या मांडणीची मोठी सोय आहे. टनांऐवजी क्रेट मोजले, तरी अर्ध्या क्रेटचा प्रश्न येत नाही. पण वाटेत काही टक्के फळ सडतं हे मांडणीत घेतलं, किंवा संत्री आणि कापूस एकाच गाडीच्या जागेसाठी भांडायला लागले, की ही सोय जाते.

सगळ्यात मोठी अडचण भाड्याची आहे. आपण भाडं टनाच्या प्रमाणात धरलं. प्रत्यक्षात दहा टनांची गाडी सहा टनांवर निघाली, तरी मालक पूर्ण गाडीचे पैसे घेतो. छोट्या फरकाने वाचवलेला खर्च अर्ध्या रिकाम्या गाडीत निघून जाऊ शकतो. गाडीमागे ठरावीक रक्कम मांडणीत घातली, की उणे फेऱ्यांची कसोटी पुरेशी राहत नाही आणि प्रश्न कितीतरी अवघड वर्गात जातो. म्हणून रोजच्या कामात आधी टनांचं उत्तर काढतात, मग ज्या मार्गावर अर्धवट गाडी दिसते तो पूर्ण बंद करून किंवा गाडी भरेल इतका माल तिकडे वळवून हिशेब पुन्हा करतात. आपल्या योजनेत अशा गाड्या चार आहेत: काटोलहून दिल्लीचे २५ टन, काटोलहून नागपूरचे २५, वरूडहून दिल्लीचे २५ आणि वरूडहून नागपूरचे १५, प्रत्येकात शेवटची गाडी अर्धी. वरूडहून दिल्लीला आणखी पाच टनांची जागा मिळवून काटोल ते दिल्लीचे तेवढेच टन नागपूरकडे वळवले, तर चारही ठिकाणच्या अर्धवट गाड्या एकदम जातात.