बर्फ वितळला की पाणी वाढतं?

आर्क्टिकचा बर्फ वितळतोय म्हणून समुद्र वाढतोय, हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. समुद्राचं पाणी गोठून झालेला, जेमतेम काही मीटर जाडीचा बर्फ तिथे तरंगत असतो. सप्टेंबर 2012 मध्ये तो सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरवर आला. 1980च्या दशकात याच महिन्यात तो साधारण दुप्पट असे. एवढा बर्फ गेला, पण त्याने समुद्राची पातळी जवळजवळ हललीच नाही.

हिशेब करून पाहू. एक घनमीटर बर्फाचं वजन साधारण 917 किलो, आणि तरंगताना तो तेवढ्याच वजनाचं पाणी बाजूला सारतो. समुद्राचं पाणी खारट, म्हणून जड. 917 किलोचं ते सुमारे 893 लिटर भरतं. बर्फ वितळला की त्याचं 917 लिटर गोडं पाणी होतं. पैकी 893 लिटरची जागा त्याने आधीच अडवलेली होती, म्हणून नवी भर फक्त 24 लिटरची. सागरी बर्फात थोडं मीठ अडकलेलं असतं, तेव्हा प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

अंटार्क्टिकात सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ खडकावर बसला आहे. तो सगळा समुद्रात गेला तर पातळी सुमारे 58 मीटरने वाढेल. पण तिथे ‘वितळणं’ हा शब्द थोडा फसवा आहे. जमिनीवरचा बर्फ हिमनद्यांमधून सरकत किनाऱ्याला येतो, खडक सोडतो आणि जाड फळीसारखा पाण्यावर तरंगू लागतो. या तरंगत्या भागाला हिमफलक म्हणू. जमिनीवरून आलेला घनमीटरभर बर्फ तरंगू लागला, की 893 लिटरची जागा तिथल्या तिथे अडते. वितळायला मग कितीही वर्षं लागोत, समुद्र वाढायचा तो बहुतांशी तेव्हाच वाढलेला असतो.

2002 च्या सुरुवातीला लार्सन-बी हा हिमफलक महिन्याभरात फुटला. सुमारे 3250 चौरस किलोमीटरचा चुरा! तो तरंगताच होता, त्यामुळे त्याच्या फुटण्याने पाणी वाढलं नाही. मात्र मागच्या हिमनद्यांना त्याने दाराला लावलेल्या अडसरासारखं थोपवून धरलं होतं. अडसर निघाला, आणि 2003 पर्यंत हेक्टोरिया व शेजारच्या हिमनद्यांचा वेग सुमारे आठपट झाला. आता जमिनीवरचा बर्फ समुद्रात येत होता.

दोष फलक फुटण्याचाच, हे कशावरून? लार्सन-बीचा दक्षिणेकडचा एक तुकडा शाबूत राहिला होता. त्याच्या मागच्या फ्लास्क आणि लेपर्ड या हिमनद्यांनी त्या काळात असा वेग घेतला नाही.