वेबपानावरचा तक्ता शीटमध्ये आणताना: फक्त तक्ता, बाकीचा मजकूर नको

आमच्याकडून मालवाटपाची शीट करून घेणाऱ्या ग्राहकांचे फोन बहुधा एकाच कारणासाठी येतात. कुणीतरी वेबपानावरून जिल्ह्यांची यादी कॉपी करतं, शीटमध्ये पेस्ट करतं, आणि तक्त्याबरोबर वरचा मेन्यू, फोटोखालची ओळ, "संपादन" हा शब्द, खालच्या दहा लिंका असं सगळं लटांबर येऊन पडतं. मग ते हाताने पुसत बसायचं. त्यात दोन-चार खऱ्या ओळीही पुसल्या जातात आणि ते महिन्याभराने कळतं. म्हणून हे पत्रक.

उदाहरण महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचंच घेऊ: जिल्ह्याचं नाव आणि २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या, बाकी काही नको. गूगल शीट्समध्ये नवीन शीट उघडा आणि A1 मध्ये पानाचा पत्ता टाका.

```
https://en.wikipedia.org/wiki/List_of_districts_of_Maharashtra
```

मग A3 मध्ये हे लिहा:

```
=IMPORTHTML(A1,"table",1)
```

परवानगी विचारणारी पट्टी वर आली तर परवानगी द्या. शेवटचा आकडा म्हणजे पानावरचा कितवा तक्ता हवा ते. इथेच बरेचजण अडतात, कारण डोळ्यांना दिसणारा पहिला तक्ता आणि संगणकाच्या हिशेबातला पहिला तक्ता एकच असेल असं नाही. विकिपीडियावर उजव्या कडेची माहितीची चौकट आणि तळाची लिंकांची पट्टीही बहुतेकदा आतून तक्ताच असते. त्यामुळे १ घालून भलतंच काही आलं तर २, ३ असं चढवत जा. जिल्ह्यांची नावं दिसली की थांबा. `#REF!` दिसलं तर त्याचा अर्थ इतकाच, की तक्ता जिथे पसरायचा तिथल्या एखाद्या खणात आधीच काही लिहिलेलं आहे. जागा मोकळी केली की तक्ता येतो.

आता सगळे रकाने नकोत, दोनच हवेत. त्यासाठी A3 मधलंच सूत्र बदलायचं. नाव दुसऱ्या आणि लोकसंख्या सहाव्या रकान्यात आहे असं धरू (तुम्हाला दिसतील ते आकडे घाला, तक्त्याचा क्रमांकही):

```
=CHOOSECOLS(IMPORTHTML(A1,"table",2),2,6)
```

या कामाला QUERY वापरायचा सल्ला खूप ठिकाणी मिळतो. आम्ही तो देत नाही, आणि त्याला कारण आहे. QUERY एका रकान्यात एकाच जातीचा माल धरतो. छत्तीसपैकी तीस ओळींत नुसता आकडा असेल आणि सहा ओळींत आकड्याला तळटीपेचा `[5]` चिकटलेला असेल, तर ते सहा खण मजकूर ठरतात आणि गुपचूप रिकामे येतात. चूक झाल्याची कुठलीही खूण दिसत नाही.

ती तळटीप काढायलाच हवी, पण सावधपणे. ठाण्याच्या खणात `11,060,148[5]` असं आलंय असं समजा. अंक सोडून बाकी सगळं काढ, असं सरळ सांगितलं तर कंस आणि स्वल्पविराम जातात, ५ मात्र राहतो, आणि ठाण्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवरून थेट अकरा कोटींवर पोहोचते, जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढी. म्हणून आधी कंस आतल्या अंकासकट काढायचा, मग उरलेले स्वल्पविराम. मथळा तिसऱ्या ओळीत असल्याने पहिला जिल्हा चौथ्या ओळीत येतो. D4 मध्ये हे लिहून D39 पर्यंत ओढा:

```
=VALUE(REGEXREPLACE(REGEXREPLACE(B4&"","\[[^\]]*\]",""),"[^0-9.]",""))
```

यातलं `B4&""` फालतू वाटेल, पण ते काढू नका. ज्या खणात आधीच स्वच्छ आकडा आहे तिथे REGEXREPLACE अडून बसतं; त्याला मजकूरच लागतो.

मराठी विकिपीडियाचं पान घेतलं तर आणखी एक गंमत होते. तिथे ८०,७०,०३२ असे देवनागरी अंक असतात. वाचायला छान, पण शीट त्यांना मजकूर समजतं: खणात डावीकडे चिकटून बसतात आणि बेरीज शून्य येते. आकड्यांसाठी इंग्रजी पान घ्या, नावं हवी तर मराठी पानावरून आणा.

तक्ता पूर्ण आला का, हे कसं ओळखायचं? जिल्हे ३६ आहेत, म्हणजे शेवटचा जिल्हा ३९ व्या ओळीत संपायला हवा. चाळिसाव्या ओळीतही काही दिसलं तर ती बहुधा तक्त्याखालची एकूण बेरीज असते. ती धरू नका, नाहीतर सगळं दुप्पट होईल. मग `=SUM(D4:D39)` करून पाहा. २०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती.

आकडा जुळला नाही तर पहिल्यांदा ठाणे आणि पालघर बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे जनगणनेनंतर. जुन्या ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती; त्यातला पालघरचा वाटा २९,९०,११६ आणि उरलेल्या ठाण्याचा ८०,७०,०३२. एखाद्या तक्त्यात ठाण्यापुढे जुनाच आकडा आणि खाली पालघर वेगळा असेल, तर बेरीज बरोबर २९,९०,११६ ने जास्त भरते. ही चूक तक्ता बनवणाऱ्याची, शीटची नव्हे. पण मालाचा कोटा लोकसंख्येवर ठरणार असेल तर पालघरचा माल दोनदा निघेल, आणि तो फोन आम्हाला येईल.

जुळलं की लगेच गोठवा. सूत्र जिवंत असतं. शीट उघडी असताना ते साधारण दर तासाला पान पुन्हा वाचतं. उद्या कुणी त्या पानावर वरच्या बाजूला नवा तक्ता घातला, तर तुमचा क्रमांक २ आपोआप दुसऱ्याच तक्त्याचा होतो. म्हणून A3 पासूनचा सगळा भाग निवडा, `Ctrl+C` करा, नव्या टॅबवर जाऊन `Ctrl+Shift+V` करा. सूत्र मागे राहतं, नुसती नावं आणि आकडे उतरतात. शेजारी आजची तारीख लिहून ठेवा.

एक्सेलवाल्यांनी IMPORTHTML शोधू नये, ते तिथे नाही. तिथे Data टॅबवर From Web निवडून पत्ता द्यायचा. पानावरचे तक्ते यादीत दिसतात, नावावर टिचकी मारली की नमुना दिसतो, त्यामुळे क्रमांक चाचपडत बसावं लागत नाही. तळटिपांची भानगड मात्र तिथेही आहेच.

काही पानांवर सूत्राचं काहीच चालत नाही. लॉगिन करून उघडणारी पानं गूगलला दिसत नाहीत. काही तक्ते पान उघडल्यावर मागाहून भरले जातात, तेही मिळत नाहीत. ओळखायला सोपं आहे: पानावर `Ctrl+U` दाबा, उघडलेल्या मजकुरात `Ctrl+F` ने तक्त्यातलं एखादं नाव शोधा, समजा Gadchiroli. सापडलं नाही तर सूत्रालाही सापडणार नाही. अशा वेळी फायरफॉक्समध्ये पान उघडून `Ctrl` दाबून ठेवत माऊसने तक्त्यातले हवे तेवढेच खण निवडता येतात. ते कॉपी करा. आजूबाजूचा मजकूर येत नाही. तेही जमलं नाही तर पानाचा पत्ता आम्हाला पाठवा, पण तुमचा पासवर्ड नको.