शालेय ग्रंथालय प्रस्तावातील अंदाजपत्रक आणि खर्चाचे समर्थन

शाळेत ग्रंथालय उभारण्यासाठी देणगीदार संस्था किंवा कंपनीकडे जो अनुदान प्रस्ताव जातो, त्यातील पैशांचा भाग म्हणजे अंदाजपत्रक. प्रत्येक बाबीचा आकडा कुठून आला आणि ती बाब का हवी, हे सांगणारा मजकूर म्हणजे खर्चाचे समर्थन. हे दोन्ही वेगवेगळ्या पानांवर असले तरी वाचणारा ते एकमेकांशी ताडूनच पाहतो. नागपूर जिल्ह्यात असे प्रस्ताव बहुधा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी, म्हणजे सीएसआरसाठी लिहिले जातात. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या दोन्ही सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत आणि त्यांच्या खाणी उमरेड, सावनेर, रामटेक या भागांत पसरलेल्या आहेत.

समर्थनाचा गाभा एकच असतो: संख्या, दर आणि त्या संख्येमागचे कारण. ‘पुस्तके – १,००,०००’ असे लिहिले की पुढे विचारण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणून सगळेच विचारले जाते.

उमरेडसारख्या गावातील नगर परिषदेची शाळा उदाहरणादाखल घेऊ. पाचवी ते आठवीचे २४० विद्यार्थी आहेत. जुनी पुस्तके तीनशेच्या आसपास, पण वाळवी लागलेली, पाने सुटलेली आणि कालबाह्य पाठ्यपुस्तके वेगळी काढली की १८० उरतात. ही छाननी प्रस्तावाआधीच करावी लागते, कारण मागणीचा आकडा तिच्यातून निघतो. प्रत्येक मुलामागे चार पुस्तके धरली तर ९६० हवीत. हाताशी असलेली १८० वजा केली की ७८०, म्हणजे सुमारे ८०० प्रती. मराठी बालसाहित्याची सरासरी छापील किंमत १२० रुपये आणि ग्रंथालयाला मिळणारी १० टक्के सूट धरली, तर प्रतीला १०८ रुपये पडतात आणि एकूण ८६,४०० होतात. (येथील सर्व दर नमुन्यापुरते आहेत, प्रस्तावात दरपत्रकातलेच दर हवेत.) सोबत पुस्तकांची यादी जोडलेली नसेल, तर सरासरी किमतीला आधार राहत नाही.

कराची चूक येथे वारंवार होते. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण लोखंडी फर्निचरवर १८ टक्के आहे. सगळ्या बेरजेवर सरसकट १८ टक्के लावले, तर तपासणाऱ्याला लगेच कळते की आकडे दरपत्रकातून आलेले नाहीत. उलट फर्निचरचा दर करावाचून लिहिला, तर फटका शाळेला बसतो, कारण भरलेला कर शाळेला परत मिळत नाही.

मांडण्या किती, याचे गणित मला सर्वांत बोलके वाटते. तीन फूट रुंद, पाच खणांच्या उघड्या मांडणीत पातळ बालपुस्तके खणाला साठेक मावतात, म्हणजे ३००. मुलांना पुस्तक ओढून काढता यावे म्हणून तिसरा हिस्सा मोकळा सोडला की २०० उरतात. एकूण ९८० पुस्तकांना पाच मांडण्या लागतील असे वाटते. पण प्रत्येक मुलाकडे एक पुस्तक घरी गेलेले असेल, तर २४० पुस्तके बाहेरच असतात. उरलेल्या ७४० साठी चार पुरतात. एका मांडणीचे ९,००० आणि कर १,६२० धरून चारांचे ४२,४८० होतात. ज्या प्रस्तावात सगळी पुस्तके एकाच वेळी कपाटात मावतील एवढी कपाटे मागितलेली असतात, तिथे पुस्तके घरी देण्याचा विचारच झालेला नसतो. कुलूपबंद कपाटाऐवजी उघडी मांडणी का, हेही समर्थनात एका वाक्यात सांगावे.

दाखल नोंदवहीत नोंद, शिक्का, पाठीवरची चिठ्ठी, देवघेवीचा कागद आणि प्लॅस्टिकचे वेष्टन यांसाठी प्रतीला १५ रुपये धरले, तर जुन्या-नव्या मिळून ९८० प्रतींचे १४,७०० लागतात. ही बाब हमखास विसरली जाते आणि मग पुस्तके खोक्यातच राहतात.

सर्वांत जास्त वाद मानधनावर होतो. देवघेव सांभाळणाऱ्या अर्धवेळ व्यक्तीला दरमहा ६,००० रुपये धरले, तर दहा महिन्यांच्या शालेय वर्षाचे ६०,००० आणि दोन वर्षांचे १,२०,००० होतात. हा सर्वांत मोठा आकडा ‘प्रशासकीय खर्च’ समजून कापला जातो. याला सीएसआर नियमांतील ५ टक्क्यांच्या मर्यादेचा आधार दिला जातो, पण ती मर्यादा कंपनीच्या एकूण सीएसआर खर्चातील तिच्या स्वतःच्या व्यवस्थापनासाठी आहे. विशिष्ट प्रकल्प राबवण्यावर थेट होणारा खर्च त्या व्याख्येबाहेर ठेवलेला आहे. त्यामुळे मानधन ‘कार्यक्रम खर्च’ या शीर्षाखाली लिहावे आणि समर्थनात कामाचे तास व रोजची कामे नोंदवावीत. शिक्षकच हे काम करतील असे लिहून आकडा लहान दाखवणे मला धोक्याचे वाटते. वर्गावरचा शिक्षक मधल्या सुट्टीत चाळीस मुलांची देवघेव रोज करू शकत नाही.

विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस भरतात. जुलै ते एप्रिल असे दहा महिने धरले, तर मार्चअखेर आर्थिक वर्ष संपते तेव्हा एक महिना उरलेला असतो. दोन शालेय वर्षांचे मानधन त्यामुळे तीन आर्थिक वर्षांत विभागते: ५४,०००, ६०,००० आणि शेवटी ६,०००. कंपनी कायद्यात बहुवर्षीय ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. पण प्रस्तावात तशी विभागणी नसेल, तर एप्रिलचे मानधन कोणत्या वर्षात दाखवायचे यावरून हिशेब अडतो.

दुसऱ्या वर्षी फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांच्या जागी १०० प्रतींचे १०,८००, सतरंज्या, वाहतूक व दोन कार्यशाळांचे १५,६०० आणि लेखापरीक्षणाचे ६,००० धरले की एकूण २,९५,९८० होतात. दर विद्यार्थ्यामागे वर्षाला साधारण ६१७ रुपये पडतात. तपासणारा हा भागाकार करतोच, म्हणून तो आपणच लिहून द्यावा. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ असे मोठे शीर्ष मात्र ठेवू नये.

खोली, वीज, शिक्षकांचा वेळ आणि जुनी १८० पुस्तके हा शाळेचा वाटा असतो. तो वेगळ्या रकान्यात, मागणीच्या बेरजेबाहेर दाखवतात. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांना पुस्तकांसाठी ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदान मिळते. ते मिळाले असेल तर तसे लिहून तेवढ्या प्रती मागणीतून वजा कराव्या लागतात, नाहीतर एकाच पुस्तकाचे बिल दोन ठिकाणी लागते.

मागितले तेवढे मिळेलच असे नाही. सव्वादोन लाखच मंजूर झाले, तर प्रत्येक बाबीला सारखी कात्री लावली जाते आणि मानधन दीड वर्षातच संपते. त्यापेक्षा ८०० ऐवजी ४०० प्रती घेतल्या की पुस्तकांचे ४३,२०० आणि नोंदणीचे ६,००० वाचतात. एकूण ५८० पुस्तकांपैकी २४० मुलांच्या घरी असतील, म्हणजे दोनच मांडण्या पुरतात आणि आणखी २१,२४० कमी होतात. बेरीज २,२५,५४० वर येते. वरचे ५४० रुपये वाहतुकीतून भागतात आणि मानधनाला हात लावावा लागत नाही.