पैठणचा ठ कुठे गेला?

दूध संकलन केंद्रांची एक सीएसव्ही फाइल आमच्याकडे रोज पहाटे येते. केंद्राचं नाव, लिटर, फॅट, एवढंच तिच्यात असतं. सकाळी एक्सेल उघडायचं, रिफ्रेश दाबायचं, की तक्ता तयार. एके दिवशी एकूण लिटर निम्म्यावर आले. लाल अक्षरात कुठेही चूक दाखवलेली नव्हती. नावांच्या रकान्यात मात्र हे होतं:

```
à¤ªà¥ˆà¤ à¤£
```

हे पैठण. फाइल बिघडलेली नव्हती, बाइटांवरून अक्षर ठरवणाऱ्या चुकीच्या कोष्टकाने ती वाचली गेली होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रासुद्धा. पैठणमध्ये प, ै, ठ, ण अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. प म्हणजे `E0 A4 AA`, ठ म्हणजे `E0 A4 A0`. बहुतेक सगळी देवनागरी `E0 A4` किंवा `E0 A5` ने सुरू होते. विंडोजच्या जुन्या १२५२ कोष्टकात मात्र एक बाइट म्हणजे एक अक्षर: `E0` म्हणजे `à`, `A4` म्हणजे `¤`, `A5` म्हणजे `¥`. म्हणून `à¤` ची ती माळ. ती दिसली की रोग ओळखलाच म्हणून समजा.

पण कालपर्यंत बरोबर चाललेलं आज का बिघडलं? एक्सेलमधली पॉवर क्वेरी पहिल्यांदा फाइल जोडताना एनकोडिंगचा, म्हणजे कुठलं कोष्टक वापरायचं त्याचा, अंदाज बांधते आणि त्या कोष्टकाचा आकडा सूत्रात लिहून ठेवते. आमची पहिली फाइल रोमन नावांची होती, तिला १२५२ चाललं. पुढे पाठवणाऱ्याने काही नावं देवनागरीत आणली. रिफ्रेश मात्र तोच आकडा घेऊन चालत राहिलं:

```
Csv.Document(File.Contents("C:\data\dudh.csv"),
  [Delimiter=",", Encoding=1252])
```

१२५२ ने वाचताना पॉवर क्वेरीला कुठलाही बाइट चालतो, म्हणून तक्रार नाही. आमच्या मूळ यादीतल्या देवनागरी नावांशी ही नावं जुळली नाहीत, आणि तेवढे लिटर गळाले. `1252` च्या जागी `65001`, म्हणजे यूटीएफ-८, लिहिलं आणि तक्ता सुधारला.

त्याआधी एका सहकाऱ्याने वेगळाच इलाज केला होता. फाइल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवली. त्यात एक्सेल फाइलच्या तोंडाशी `EF BB BF` हे तीन बाइट घालतं. याला बॉम म्हणतात, बाइट ऑर्डर मार्क. मूळ काम यूटीएफ-१६ मधलं: दोन बाइटांपैकी आधी कुठला, ते सांगण्याचं. यूटीएफ-८ मध्ये हा प्रश्नच नाही, तिथे बॉम नुसती ओळखपट्टी आहे. डबलक्लिक करून उघडताना एक्सेल तिच्यावरच विसंबतं. पट्टी नसेल तर पुन्हा `à¤`.

पण तीच फाइल आमची पायथन स्क्रिप्टही वाचते. ती `KeyError: 'केंद्र'` म्हणून अडली. रकाना तर डोळ्यांसमोर होता! त्याचं खरं नाव झालं होतं `\ufeffकेंद्र`, आणि पुढचं ते चिन्ह अदृश्य असतं. उपाय एका शब्दाचा:

```
open("dudh.csv", encoding="utf-8-sig", newline="")
```

यात बॉम असला तर गळतो, नसला तरी हरकत नाही.

बिघडलेला मजकूर उलटा फिरवून, म्हणजे अक्षरांचे पुन्हा बाइट करून, दुरुस्त करता येतो असं सांगतात. फ्रेंच नावांना बहुधा जमतं, देवनागरीला दगा बसतो. ठ चा शेवटचा बाइट `A0` हा १२५२ मध्ये न दिसणारी मोकळी जागा आहे. पैठणच्या माळेत मधे फट दिसते ती हीच. कुणी स्क्रिप्टने ‘जादा स्पेस’ साफ केल्या, की `A0` चा `20` होतो आणि ठ कायमचा जातो. ु चा `81` आणि हलन्ताचा `8D` यांना तर १२५२ मध्ये अक्षरच नेमलेलं नाही. विंडोज ते मुकाट्याने वाहून नेतं, पायथन अडतं. म्हणजे जोडाक्षर असलेलं प्रत्येक नाव अडकलंच. त्याहून वाईट म्हणजे एक्सेलमधून नुसती ‘सीएसव्ही’ म्हणून साठवणं: अक्षरांच्या जागी `?` उमटतात, आणि त्यातून मागे काहीच आणता येत नाही. म्हणून आलेली फाइल आम्ही आता हात न लावता वेगळी ठेवतो आणि प्रतीवर काम करतो. पहिले तीन बाइट बघायला हे पुरतं:

```
head -c 3 dudh.csv | xxd
```

एवढं करूनही महिनाअखेरीला फजिती झालीच. तीस दिवसांच्या बॉम असलेल्या फाइली `cat` ने जोडल्या. पुन्हा पुन्हा येणाऱ्या शीर्षकाच्या ओळी स्क्रिप्ट काढून टाकते, पण `utf-8-sig` फक्त पहिला बॉम काढतं. उरलेल्या एकोणतीस ओळींच्या पुढे बॉम तसाच राहिला, त्या शीर्षकाशी जुळल्या नाहीत. अहवालात ‘केंद्र’ नावाचं एक नवं केंद्र आलं. एकोणतीस दिवस हजर, आणि दुधाच्या रकान्यात शब्द: लिटर.