सिस्टीम लोकॅल आणि जुने जपानी गेम

विंडोजमध्ये Language for non-Unicode programs नावाची एक सेटिंग असते. तिलाच सिस्टीम लोकॅल म्हणतात. युनिकोड न वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममधले बाइट कोणत्या तक्त्यानुसार अक्षरांत बदलायचे, हे ती ठरवते. या तक्त्याला कोड पेज म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक संगणक इंग्रजीवर लावलेले असल्याने त्यांत १२५२ क्रमांकाचे कोड पेज असते, तर जपानी विंडोजमध्ये ९३२. जपानमध्ये तिथल्याच ग्राहकांसाठी बनलेले जुने गेम ९३२ गृहीत धरून लिहिलेले असतात. त्यामुळे इतरत्र त्यांतली अक्षरे विस्कटतात किंवा गेम सुरूच होत नाही.

२००२ मध्ये आलेला 東方紅魔郷 हा गेम याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या मुख्य फाइलचे नावच जपानी आहे. त्यातले पहिले अक्षर 東 हे ९३२ मध्ये 93 आणि 8C अशा दोन बाइटांनी लिहितात. १२५२ मध्ये मात्र प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र अक्षर, म्हणून तिथे 東 च्या जागी “Œ उमटते. माहिती बिघडलेली नसते, फक्त चुकीच्या तक्त्यातून वाचलेली असते. म्हणूनच लोकॅल बदलल्यावर तोच मजकूर नीट दिसू लागतो.

पडद्यावरचा मजकूर विस्कटला तरी खेळता येते. खरी अडचण फाइलींच्या नावांची आहे. या गेमची चित्रे, संगीत वगैरे 紅魔郷CM.DAT अशा जपानी नावांच्या फाइलींत असतात. डिस्कवर विंडोज ही नावे युनिकोडमध्ये ठेवते, पण गेम ती ९३२ च्या बाइटांत मागतो. लोकॅल इंग्रजी असेल तर विंडोज त्या बाइटांचे १२५२ नुसार भलतेच नाव करते. त्या नावाची फाइल सापडत नाही आणि गेम बंद पडतो. 表 हे अक्षर तर आणखी घात करते. त्याचा दुसरा बाइट 5C आहे आणि १२५२ मध्ये 5C म्हणजे फोल्डर वेगळे करणारी तिरकी रेघ. अशा नावाची फाइल मागितली की विंडोज अस्तित्वातच नसलेल्या फोल्डरमध्ये डोकावते.

यातूनच एक चकवणारी गोष्ट घडते. इन्स्टॉल करतानाही लोकॅल इंग्रजीच असेल, तर जुना इन्स्टॉलर फाइलींना तीच विस्कटलेली नावे देऊ शकतो. मग गेमने मागितलेले नाव आणि डिस्कवरचे नाव सारखेच चुकलेले असते, त्यामुळे गेम सुरू होतो. नंतर कोणी लोकॅल जपानी केले की तोच गेम बंद पडतो, आणि दोष नव्या सेटिंगला दिला जातो. म्हणून आधी लोकॅल बदलावे आणि मगच गेम नव्याने इन्स्टॉल करावा. झिपमधून काढलेल्या फाइलींनाही हाच क्रम लागू होतो. नावे विस्कटली असतील तर फोल्डर काढून टाकून झिप पुन्हा उघडावी.

सेटिंग बदलण्यासाठी Win+R दाबून पुढील आज्ञा द्यावी:

```
intl.cpl
```

Administrative टॅबमधल्या Change system locale मध्ये Japanese (Japan) निवडावे. त्याच खिडकीत Beta: Use Unicode UTF-8 अशी खूण दिसली तर ती काढावी. ती राहिली तर कोड पेज ९३२ ऐवजी ६५००१ होते आणि बदल वाया जातो. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात आणि संगणक रीस्टार्ट करावा लागतो. विंडोजची स्वतःची भाषा मात्र बदलत नाही. रीस्टार्टनंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये `chcp` लिहावे. उत्तरात 932 आले तर बदल लागू झाला.

विस्कटलेला प्रत्येक मजकूर लोकॅलमुळेच असतो असे नाही. “Œ•û असा लॅटिन अक्षरांचा गुंता दिसला तर बहुधा कोड पेज चुकलेले असते. रिकामे चौकोन दिसले तर फाँट नसतो. प्रश्नचिन्हांची रांग असेल तर अक्षर त्या कोड पेजमध्ये बसलेच नाही. मराठी वापरकर्त्याला हे शेवटचे लक्षण भेटण्याची शक्यता बरीच आहे. गेम ‘खेळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला, किंवा विंडोजमधले वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असले, तर तो पत्ता १२५२ मध्येही लिहिता येत नाही आणि ९३२ मध्येही नाही. देवनागरीसाठी विंडोजमध्ये सिस्टीम लोकॅलला लावता येईल असे जुने कोड पेजच नाही, म्हणून लोकॅल कितीही बदलले तरी हा दोष जात नाही. गेम `C:\Games` सारख्या साध्या रोमन नावाच्या फोल्डरमध्ये हलवणे हाच उपाय.

सिस्टीम लोकॅल सगळ्या संगणकाला लागू होते, हा त्याचा मोठा तोटा. युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये केलेले जुने डीटीपीचे काम त्याच संगणकावर असेल तर विशेष जपावे. ते फाँट १२५२ च्याच बाइटांवर देवनागरीचे आकार बसवतात. ९३२ लागू झाल्यावर त्यातले अनेक बाइट जोडीने वाचले जातात आणि मराठी मजकूर मोडू शकतो. अशा ठिकाणी एका गेमपुरतेच जपानी वातावरण उभे करणारे Locale Emulator हे मुक्तस्रोत साधन बरे. विंडोज एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्टचे AppLocale हेच काम करत असे.